दुसऱ्या वेलांटीने नेलेले गुण

प्रश्न : माझी मुलगी दहावीला आहे. गावच्या शाळेत संस्कृतला वेगळे शिक्षक नाहीत. रोज पहाटे देव, माला, नदी अशी रूपे न अडखळता म्हणून दाखवते, पण पेपरात मधलेच एखादे रूप विचारले की गोंधळते आणि गुण जातात. पाठांतर आणखी वाढवावे का? घरात संस्कृत कोणालाच येत नाही.

उत्तर :

ताई, आपला प्रश्न वाचला आणि माझे दहावीचे वर्ष डोळ्यांपुढे आले, म्हणून सविस्तर लिहितो. मी संस्कृतचा पंडित नाही. वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिकलो आणि गेली काही वर्षे गावातल्या चार-पाच मुलांना संध्याकाळी हा विषय शिकवतो, एवढाच माझा अधिकार. पाठ्यपुस्तकात काही वेगळे दिसले तर ते प्रमाण मानावे.

पाठांतर वाढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या मुलीला रूपे येतात, पण ती एका साखळीत येतात. पहिली कडी हातात दिली तरच शेवटची मिळते. पेपरात मात्र तालिकेची एक आडवी ओळ असते, तिच्यात एक रूप दिलेले असते आणि बाकीची भरायची असतात. तिथे प्रथमेपासून म्हणत सप्तमीपर्यंत यावे लागले की वेळही जातो आणि विश्वासही.

माझे जे नुकसान झाले ते मात्र याहून खोल होते. आमच्याकडेही संस्कृतला शिक्षक नव्हते, म्हणून वडिलांनी कापूस विकल्यावर आलेल्या पैशातून तालुक्याच्या एका शिकवणीची फी भरली. आठवड्यातून तीन दिवस मी एसटीने जात असे. त्या शिकवणीत एक छापील वही दिली जाई आणि एक वाक्य सांगितले जाई : ‘पुल्लिंगी शब्द सगळे देवासारखे चालतात, फक्त शेवट जुळवून घ्यायचा.’ त्या वहीत मुनि शब्दाचे प्रथमेचे द्विवचन ‘मुनौ’ असे छापले होते. देवौ तसे मुनौ, म्हणून मलाही ते पटले. मी एकदा शंका विचारली, कारण पाठ्यपुस्तकात वेगळे दिसत होते. तेव्हा ‘वही पाठ कर, पुस्तक नंतर बघ’ असे उत्तर मिळाले. वर्षभर मी ती चूक घोकली. आजही या गोष्टीचा मला राग येतो, कारण शिकवणाऱ्याने पुस्तक उघडून पाहिले असते तर दोन मिनिटांचे काम होते.

खरे रूप ‘मुनी’ असे आहे, आणि इथेच मराठी मुलांचा घात होतो. मराठीच्या शुद्धलेखनात शब्दाच्या शेवटचा इकार किंवा उकार दीर्घ लिहितात, म्हणून आपण कवी, मुनी, गुरू, साधू असे लिहितो. संस्कृतात मूळ शब्द कवि, मुनि, गुरु, साधु असे ऱ्हस्वान्त आहेत, आणि दीर्घ केले की ते द्विवचन होते. सराव परीक्षेत मला ‘कवी काव्यं पठतः।’ हे वाक्य एकवचनात लिहायचे होते. कवी हे मला एकवचनच वाटले, म्हणून मी ते तसेच ठेवून फक्त क्रियापद बदलले आणि ‘कवी काव्यं पठति’ असे लिहिले. बरोबर उत्तर ‘कविः काव्यं पठति’ असे होते. त्याच पेपरात साधु शब्दाची सप्तमी भरताना मी देवे यावरून ‘साधे’ लिहिले. तिथे ‘साधौ’ हवे होते.

म्हणून माझा आग्रह असा की रूपाकडे जाण्याआधी मूळ शब्द कशात संपतो ते ठरवावे, आणि ते ठरवायला मराठीच उपयोगी पडते. तो शब्द समासात पहिला ठेवून पाहावा. कविसंमेलन, मुनिवर, गुरुकुल, शिशुगीत या शब्दांत पहिली वेलांटी आणि पहिला उकार परत येतो, म्हणजे मूळ शब्द ऱ्हस्वान्त आहे. नदीकाठ आणि वधूवर यांत दीर्घ स्वर तसाच राहतो, म्हणजे नदी आणि वधू हे मुळातच दीर्घ आहेत. या कसोटीला एक मर्यादा आहे. पक्षिमित्र शब्दातही पहिली वेलांटी दिसते, पण पक्षी हा शब्द मुनीच्या घरातला नाही. त्याचे मूळ पक्षिन् असे आहे आणि तो पक्षी, पक्षिणौ, पक्षिणः असा चालतो. विद्यार्थी, स्वामी हेही त्याच्याच बरोबरचे. असे थोडे शब्द वेगळ्या कागदावर लिहून ठेवावेत.

आता घरे कशी जोडायची ते सांगतो. देव शब्दाच्या तक्त्यात चोवीस खाने आहेत, पण वेगळी रूपे सतराच आहेत. द्विवचनाच्या आठ खान्यांत तर तीनच रूपे आहेत : प्रथमा, द्वितीया आणि संबोधनाला देवौ, तृतीया ते पंचमीला देवाभ्याम्, षष्ठी-सप्तमीला देवयोः. ही वाटणी सगळ्या शब्दांना लागू पडते, मग शब्द माला असो, नदी असो की गुरु. ती एकदा समजली की तालिकेतला मधला स्तंभ पाठ करण्याची गरजच राहत नाही. चतुर्थी आणि पंचमीचे बहुवचनही सारखेच असते, हे तिला बहुधा म्हणताना जाणवले असेल.

त्यानंतर मुनि हा एकच शब्द नीट बसवावा आणि त्यावरून उकारान्त शब्द तयार करावा. मी मुलांना कागदाच्या डाव्या बाजूला मुनि पूर्ण लिहायला लावतो आणि उजव्या बाजूला शिशु बनवायला सांगतो. बदल चारच आहेत : इ च्या जागी उ, ई च्या जागी ऊ, ए च्या जागी ओ आणि य च्या जागी व. मुनिः वरून शिशुः, मुनी वरून शिशू, मुनयः वरून शिशवः, मुनीन् वरून शिशून् होते. तृतीयेत मुनिना तसे शिशुना. चतुर्थीचे मुनये म्हणजे मुन् आणि अये. य चा व झाला की शिशवे. पंचमी-षष्ठीचे मुनेः बदलून शिशोः, मुन्योः बदलून शिश्वोः, संबोधनाचे हे मुने बदलून हे शिशो. एकच खाना बदलत नाही, तो म्हणजे सप्तमी एकवचन : मुनौ आणि शिशौ. म्हणजे औ दिसला की आधी मूळ शब्द विचारायचा. देवौ हे द्विवचन आहे, मुनौ हे सप्तमीचे एकवचन आहे. माझ्या वहीने नेमकी हीच अदलाबदल केली होती.

हाच बदल नदी आणि वधू यांच्यात होतो. नद्यौ तसे वध्वौ, नद्यै तसे वध्वै. फरक प्रथमेच्या एकवचनात आहे : नदी हे विसर्गाशिवाय, वधूः मात्र विसर्गासह. पुढे मति, धेनु असे स्त्रीलिंगी शब्द येतील तेव्हा दोन जागा आवर्जून पाहाव्यात. तिथे तृतीया मत्या, धेन्वा अशी होते आणि द्वितीयेच्या बहुवचनात न् ऐवजी विसर्ग येऊन मतीः, धेनूः होते. आणि पति हा शब्द एकटा असताना मुनिसारखा चालत नाही (पत्या, पत्ये, पत्युः), भूपति मात्र चालतो. हे सोडले तर ही रीत शालेय पेपरात मला क्वचितच अडली आहे.

शिशुना लिहिताना न राहतो, पण गुरु असेल तर गुरुणा लिहावे लागते, आणि इथे मुले हमखास अर्धा गुण घालवतात. शब्दात आधी र, ष किंवा ऋ असेल आणि नंतर प्रत्ययातला न आला, तर त्याचा ण होतो : रामेण, पुत्रेण, गुरूणाम्. मध्ये त, थ, द किंवा ज यांसारखे अक्षर आले की हा बदल थांबतो, म्हणून रथेन आणि अर्जुनेन. मध्ये प, म, क, ग, य, व किंवा ह असेल तर थांबत नाही, म्हणून नृपेण. शेवटी हलन्त न् असेल तर त्यालाही हात लावू नये. रामान् हेच बरोबर आहे.

क्रियापदांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण नामे सुटली की ती सोपी वाटतात. लङ् म्हणजे भूतकाळ, लोट् म्हणजे आज्ञार्थ आणि विधिलिङ् म्हणजे विध्यर्थ, या तीन लकारांची कोष्टके शेजारी शेजारी लिहावीत. अपठताम्, पठताम्, पठेताम् यांत ताम् सारखा आहे. तसेच मध्यम पुरुषात तम् आणि त, उत्तम पुरुषात व आणि म हेही तिन्हीकडे तेच आहेत. म्हणजे नऊ खान्यांपैकी पाच खाने एकदाच शिकायचे. उरलेले चार मात्र प्रत्येक लकाराचे वेगळे लक्षात ठेवावे लागतात. लङ् लकारात आणखी एक जागा सांभाळावी : आधीचा अ उपसर्गाच्या आधी लागत नाही, धातूच्या आधी लागतो. प्रविशति याचे अप्रविशत् होत नाही, प्र आणि अविशत् मिळून प्राविशत् होते. तसेच उपाविशत् आणि अन्वभवत्.

आपल्याला संस्कृत येत नसले तरी सराव घेता येईल. पाठ्यपुस्तकातल्या धड्यांमधून वीस रूपे चिठ्ठ्यांवर लिहून एका डब्यात ठेवावीत आणि मागे उत्तर लिहून घ्यावे. ते एकदा शाळेतल्या कोणाकडून किंवा पुस्तकावरून तपासून घेणे आवश्यक आहे, माझ्या त्या वहीसारखे होऊ नये. रोज पाच चिठ्ठ्या काढाव्यात. मुलीने प्रत्येक वेळी याच क्रमाने सांगावे : मूळ शब्द, लिंग, विभक्ती, वचन, आणि मग त्या ओळीतली उरलेली दोन रूपे. ‘शिश्वोः’ निघाले तर तिने शिशु, पुल्लिंग, द्विवचन असे सांगून षष्ठी आणि सप्तमी या दोन्ही ओळी म्हणाव्यात : शिशोः, शिश्वोः, शिशूनाम् आणि शिशौ, शिश्वोः, शिशुषु. ती प्रथमेपासून पुटपुटायला लागली तर थांबवावे आणि ती चिठ्ठी डब्यात परत टाकावी.