जीआयएस तंत्रज्ञाच्या अर्जासोबतचं पत्र: डेटाच्या सफाईचा परिच्छेद

तुझं पत्र वाचलं. पदवी, आवड, सॉफ्टवेअरची नावं हे सगळं दोन ओळींत आटप, ते बायोडेटात आहेच. खरी जागा दे तू केलेल्या विहिरींच्या सर्वेक्षणाला. ‘डेटा क्लीनिंगचा अनुभव आहे’ या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. चूक कशी सापडली आणि तिचं काय केलंस, ते लिही.

उदाहरणार्थ: ‘मोबाइल जीपीएसने विहिरींची नोंद केली. नकाशावर काही बिंदू सर्वेक्षणाच्या हद्दीबाहेर पडले. तपासल्यावर त्यांत अक्षांश-रेखांशांची अदलाबदल आढळली. मूळ फाइल तशीच ठेवून प्रतीत दुरुस्ती केली आणि प्रत्येक बदल वेगळ्या रकान्यात नोंदवला.’ शेवटचं वाक्य गाळू नकोस. अदलाबदल कुणालाही दुरुस्त करता येते, पण मूळ नोंद जपणारा माणूस कार्यालयाला हवा असतो.

दुहेरी नोंदींबद्दल मात्र जपून लिही. मोकळ्या आकाशाखालीही मोबाइलच्या जीपीएसमध्ये काही मीटरची चूक असते. त्यामुळे चार मीटरवरचे दोन बिंदू म्हणजे एकच विहीर, असं नुसत्या अंतरावरून ठरत नाही. तू फोटो आणि मालकाचं नाव ताडून पाहिलं होतंस ना? मग तेच लिही. ज्यांचा निकाल लागला नाही त्या नोंदी ‘पुन्हा भेट आवश्यक’ अशी खूण करून ठेवल्यास, हेही सांग.

आणि ‘अचूक सर्वेक्षण’ हे शब्द काढ. मुलाखतीत पहिला प्रश्न येईल, ‘किती मीटरपर्यंत अचूक?’