‘नमुना आकार १३९’ म्हणजे नेमके कोण?

‘ठाण्यातल्या ओपीडीत डेंग्यूच्या रॅपिड टेस्टवर प्रबंध करतेय. संवेदनशीलतेसाठी गणित केलं तर १३९ आले. प्रबंधात “नमुना आकार १३९” लिहू की “रुग्णसंख्या १३९”?’

रुग्णसंख्या लिहा. नमुना आकार याहून बराच मोठा निघेल.

तुमचे १३९ असे आले असणार: अपेक्षित संवेदनशीलता ९० टक्के, उत्तर ५ टक्क्यांनी इकडेतिकडे चालेल, विश्वासपातळी ९५ टक्के. १.९६ चा वर्ग गुणिले ०.९ गुणिले ०.१, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर १३८.३, म्हणजे १३९. पण संवेदनशीलता मोजतात ती फक्त खरोखर डेंग्यू असलेल्यांवर: त्यांच्यापैकी किती जणांना टेस्टने पकडलं? म्हणून हे १३९ आरटी-पीसीआरने डेंग्यू ठरलेले रुग्ण आहेत.

ओपीडीत मात्र ताप घेऊन सगळेच येतात. समजा त्यांच्यात डेंग्यूचं प्रमाण १० टक्के आहे. मग १३९ रुग्ण मिळायला १३९ भागिले ०.१, म्हणजे १,३९० ताप असलेली माणसं तपासावी लागतील. हा तुमचा नमुना आकार. विशिष्टताही ९० टक्के धरली तर डेंग्यू नसलेले १३९ लागतात आणि ते १५५ जणांतच मिळतात. दोन्हींतला मोठा आकडा घ्यायचा.

इथे ‘प्रमाण’ कुणातलं, हेही लिहा. ठाणे शहरातल्या लोकसंख्येतलं प्रमाण इथे कामाचं नाही, तुमच्या दारात ताप घेऊन येणाऱ्यांतलं हवं. ते पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात सारखं नसतं. २० टक्के निघालं तर ६९५ माणसं पुरतात, ५ टक्के निघालं तर २,७८० लागतात. म्हणून गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांची नोंदवही आधी पाहा.

आकडा मोठा दिसला की १३९ डेंग्यूचे रुग्ण वॉर्डातून आणि १३९ धडधाकट लोक रक्तदान शिबिरातून घेण्याचा मोह होतो. हे मला अजिबात पटत नाही. वॉर्डातले बहुधा ठळक लक्षणांचे, शिबिरातले ताप नसलेले. टेस्ट दोन्हीकडे प्रत्यक्षापेक्षा चांगली दिसते, आणि ओपीडीतल्या साध्या तापात ती काय करेल ते कळतच नाही. त्यापेक्षा ताप घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला क्रमाने घ्या, आणि १३९ डेंग्यूचे रुग्ण पूर्ण होईपर्यंत थांबू नका.

एकूण २७८ जणांवरच थांबलात, तर १० टक्क्यांनी साधारण २८ डेंग्यूचे मिळतील. टेस्टने त्यातले २५ पकडले तर संवेदनशीलता ८९ टक्के दिसेल, पण विल्सन पद्धतीने काढलेला विश्वासपट्टा ७३ ते ९६ टक्के येतो. एवढ्या रुंद पट्ट्यावरून ही टेस्ट ओपीडीत वापरावी की नाही, हे परीक्षकांना सांगता येणार नाही.

प्रबंधात असं लिहा: ‘आरटी-पीसीआरने निश्चित डेंग्यू असलेले किमान १३९ रुग्ण मिळावेत म्हणून, १० टक्के प्रमाण गृहीत धरून, ताप असलेल्या १,३९० व्यक्तींचा नमुना ठरवला.’