रिक्रूटरचा मेसेज आलाय, सीव्ही पाठवण्याआधी काय विचारू?

प्रश्न: लिंक्डइनवर एका रिक्रूटरचा मेसेज आला. "तुमचं प्रोफाइल आवडलं, एक छान संधी आहे, सीव्ही पाठवा आणि बोलायला वेळ सांगा," एवढंच. मी नोकरी शोधत नाहीये, पण उत्सुकता आहे. पहिल्याच उत्तरात पगार विचारला तर हावरट वाटेन का?

नाही वाटणार. मी बरीच वर्षं भरतीचं काम केलंय, म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूचं सांगते. जागा भरायला निघते तेव्हा सहसा तिचं बजेट आधीच मंजूर झालेलं असतं. तुम्हाला मेसेज टाकताना तो आकडा रिक्रूटरच्या समोर असतो. तो सांगायला त्याला एक ओळ लिहावी लागते. न सांगता पुढे गेलं तर अर्ध्या तासाचा फोन होतो, मग मुलाखतीच्या दोन-तीन फेऱ्या, आणि शेवटी कळतं की आकडे मुळात जुळणारच नव्हते. हे चांगल्या रिक्रूटरलाही नको असतं.

खटकतो तो नुसता "पगार किती?" असा दोन शब्दांचा मेसेज. त्यातून तुम्हाला रस आहे की नाही तेच कळत नाही. म्हणून आधी रस दाखवा, मग प्रश्न विचारा आणि शेवटी पुढची पायरी तुम्हीच सुचवा. समजा तुम्ही पेमेंट सिस्टीमवर काम करता. तर असं लिहिता येईल:

> नमस्कार, मेसेजबद्दल धन्यवाद. सध्या मी नोकरी शोधत नाहीये, पण पेमेंट सिस्टीमवरचं काम असेल तर ऐकायला नक्की आवडेल. बोलण्याआधी तीन गोष्टी कळल्या तर बरं होईल: कामाचं नेमकं स्वरूप (जॉब डिस्क्रिप्शन असेल तर तेच पाठवा), या पदासाठी ठरलेली पगाराची रेंज, आणि काम ऑफिसातून, हायब्रिड की रिमोट. जुळत असेल तर गुरुवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी 6 नंतर बोलू शकते.

यातले दोन-तीन शब्द मी मुद्दाम निवडलेत. "पेमेंट सिस्टीमवरचं काम असेल तर" म्हटल्यावर रिक्रूटरला कळतं की तुम्हाला कशात रस आहे. ही जागा त्यातली नसेल तर तो पुढच्या वेळी योग्य जागा घेऊन येईल. "ठरलेली रेंज" म्हटलं की रेंज ठरलेली आहे हे तुम्ही गृहीत धरलंय हे दिसतं, "काही अंदाज आहे का?" असं विचारलंत तर उत्तरही अंदाजेच येतं. आणि पगाराचा प्रश्न मधोमध आहे. आधी काम, मग पैसे, मग ठिकाण, या क्रमात तो सहज वाचला जातो.

काय लिहिलेलं नाही तेही बघा. सीव्ही जोडलेला नाही, आत्ताचा पगार नाही, नोकरी का सोडावीशी वाटते याचं कारण नाही. या तिन्ही गोष्टी नंतर देता येतात, पण एकदा दिल्या की परत घेता येत नाहीत.

प्रश्न: मी अगदी नम्रपणे रेंज विचारली. उत्तर आलं, "पगार अनुभवानुसार ठरेल, आधी तुमची अपेक्षा आणि सध्याचा पगार सांगा." आता काय करू?

एकदा पुन्हा विचारा, दुसऱ्या शब्दांत: "अनुभवानुसार ठरेल हे समजलं. या पदासाठी मंजूर असलेली वरची आणि खालची मर्यादा सांगितलीत तर मी लगेच सांगू शकेन की बोलण्यात अर्थ आहे का." बरेचदा इथे आकडा मिळतो. नाही मिळाला तर तिसऱ्यांदा विचारू नका. आपली अपेक्षा सांगून मोकळं व्हा.

अपेक्षा सांगताना एक चूक मी शेकडो वेळा पाहिलीय. समजा तुमचा आजचा फिक्स्ड पगार 100 आहे आणि 120 च्या खाली तुम्ही हलणार नाही. तुम्ही लिहिता, "120 ते 140." रिक्रूटर आपल्या नोंदीत 120 लिहितो, आणि ऑफर त्याच्याच आसपास येते. म्हणजे तुमची अगदी शेवटची पायरी हीच तुमची अपेक्षा होऊन बसते. रेंजचं खालचं टोक असं ठेवा की तेवढेच मिळाले तरी तुम्ही आनंदाने हो म्हणाल. इथे "फिक्स्ड 128 ते 145, कामाचं स्वरूप पाहून" हे बरं.

सध्याचा पगार सांगायची गरज नाही. "मी या जागेच्या जबाबदारीप्रमाणे अपेक्षा ठरवतेय, ती वर दिली आहे" एवढं पुरे. हा काही आडमुठेपणा नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये 2018 पासून ऑफर देण्याआधी उमेदवाराला जुना पगार विचारायला कायद्याने मनाई आहे, आणि कोलोरॅडोत 2021 पासून जाहिरातीतच पगाराची रेंज द्यावी लागते. युरोपियन युनियनच्या 2023 च्या निर्देशातही या दोन्ही गोष्टी आहेत: सुरुवातीचा पगार किंवा त्याची रेंज उमेदवाराला वेळेत सांगायची आणि जुना पगार विचारायचा नाही. तुमच्याकडे असा कायदा नसला तरी रेंज विचारण्यात काही वावगं नाही, हे यातून लक्षात यावं.

प्रश्न: रिक्रूटरने "150 पर्यंत" असा आकडा दिला. माझा फिक्स्ड 100 आहे. म्हणजे दीडपट! लगेच हो म्हणू का?

आकडा चांगला आहे, पण तो कशाकशाचा मिळून झालाय हे आधी विचारा. "पर्यंत" हा शब्द रेंजचं फक्त वरचं टोक सांगतो. आणि एकूण पॅकेजमध्ये फिक्स्ड पगाराबरोबर व्हेरिएबल, जॉइनिंग बोनस, कधीकधी शेअर्सही धरलेले असतात.

तुमच्याच आकड्यावर मांडून बघू. 150 मधले 30 व्हेरिएबल असतील, म्हणजे वर्षाअखेरीस तुमच्या आणि कंपनीच्या कामगिरीवर अवलंबून. 10 जॉइनिंग बोनस, जो फक्त पहिल्या वर्षी मिळतो आणि ठरलेल्या मुदतीआधी सोडून गेलात तर बहुधा परत द्यावा लागतो. उरले 110. म्हणजे दर महिन्याच्या हिशेबात वाढ एक दशांशच. त्यातच तुमच्या आत्ताच्या ठिकाणी बोनस वेगळा मिळत असेल तर फरक आणखी कमी होतो. हे वाईटच आहे असं नाही. काम आवडीचं असेल तर 110 वरही माणसं आनंदाने जातात. पण तुम्ही दीडपट समजून तीन मुलाखती द्याल आणि ऑफर लेटर हातात आल्यावर मन खट्टू होईल.

विचारायचं एवढंच: "150 मध्ये फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती, आणि एकदाच मिळणारी रक्कम किती?" प्रामाणिक रिक्रूटर याचं उत्तर देतो किंवा कंपनीला विचारून सांगतो. "ते एचआर नंतर सांगेल" असं आलं तर निदान फिक्स्डचा आकडा मिळाल्याशिवाय मुलाखतीची वेळ देऊ नका.

प्रश्न: एजन्सीचा रिक्रूटर कंपनीचं नाव सांगत नाही. म्हणतो, आधी सीव्ही पाठवा. हे फसवं आहे का?

फसवंच असेल असं नाही. बहुतेक एजन्सींना उमेदवार रुजू झाला तरच फी मिळते, आणि ती बहुधा त्याच्या पहिल्या वर्षाच्या पगाराच्या टक्केवारीत असते. नाव सांगितलं आणि तुम्ही थेट कंपनीत अर्ज केलात तर त्याची मेहनत फुकट जाते. पहिल्या मेसेजमध्ये त्याने नाव झाकलं तर ते मी समजू शकते. काम, रेंज आणि ठिकाण मात्र नाव न सांगताही सांगता येतं. तेही सांगत नसेल तर त्याच्याकडे जागा नसून तो फक्त सीव्ही गोळा करत असण्याची शक्यता मोठी.

खरा धोका वेगळाच आहे. एकाच जागेवर दोन-तीन एजन्सी काम करतात. दोघांनी तुमचा सीव्ही एकाच कंपनीला पाठवला, तर फी कोणाची यावरून वाद होतो. मी एका ठिकाणी भरती बघत असताना एक उत्तम उमेदवार दोन एजन्सींकडून दोन दिवसांच्या अंतराने आला. वाद नको म्हणून वरिष्ठांनी ती फाइलच बंद केली. त्या मुलीला शेवटपर्यंत कळलं नाही की तिला बोलावलं का नाही. तिचा काही दोष नव्हता. ते अजूनही माझ्या मनाला लागून आहे.

म्हणून सीव्ही देताना ही ओळ मेसेजमध्ये लिहाच: "माझा सीव्ही कुठल्याही कंपनीला पाठवण्याआधी कंपनीचं नाव आणि पद सांगून माझा लेखी होकार घ्या." मग कुठल्या एजन्सीला कुठल्या कंपनीसाठी कोणत्या तारखेला हो म्हटलं, याची नोंद स्वतःकडे ठेवा. दुसरी एजन्सी तीच जागा घेऊन आली तर सरळ सांगा की तिथे तुमचं नाव आधीच गेलंय.

प्रश्न: ठिकाणाबद्दल उत्तर आलं: "हायब्रिड." एवढं पुरेसं आहे ना?

नाही. महिन्यातून एकदा ऑफिसला जाणं हेही हायब्रिड आणि आठवड्यातले चार दिवस जाणं हेही हायब्रिडच. आठवड्याला किती दिवस, नेमकं कुठलं ऑफिस, आणि ते दिवस टीम ठरवते की कंपनी, हे विचारा. कंपनीचा नियम असेल तर तो उद्या बदलूही शकतो, म्हणून घरून काम ही तुमची अट असेल तर ती ऑफर लेटरमध्ये येईल का हे आत्ताच विचारलेलं बरं. रिमोट असेल तरी कुठल्या शहरातून, राज्यातून किंवा देशातून काम चालेल यावर बंधन असतं, कारण पगाराचा कर आणि करार त्यावर ठरतो.

प्रश्न: एका रिक्रूटरचा इनमेल तीन आठवडे तसाच पडून आहे. आता उत्तर देणं बरं दिसेल का?

द्या, अजून उशीर झालेला नाही. लिंक्डइनवर इनमेलला 90 दिवसांच्या आत उत्तर आलं तर पाठवणाऱ्याला तो पाठवताना खर्च झालेलं क्रेडिट परत मिळतं, मग उत्तर "नाही" असलं तरी. त्यामुळे तुमचं उशिराचं उत्तरही त्याच्या उपयोगाचंच असतं. लांबलचक माफी मागत बसू नका. "उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. ही जागा अजून रिकामी आहे का? असेल तर काम, रेंज आणि ठिकाण कळवाल का?" इतकंच लिहा. आठवडाभरात काही आलं नाही तर एकदा आठवण करा आणि मग सोडून द्या. जागा भरली गेली असेल तर अनेक रिक्रूटर कळवत नाहीत.