मानेमागच्या टणक पुळ्या आणि बारीक कटिंग

प्रश्न: दर दोन आठवड्यांनी मागून अगदी बारीक कटिंग करतो, मानेवर वस्तऱ्याने लाइन काढून घेतो. वर्षभरापासून तिथे टणक पुळ्या आहेत, दोन-तीन एकमेकींना चिकटल्यात. डॉक्टर अक्ने किलॉइडॅलिस न्युकी म्हणाले. पिंपल्सचं क्रीम लावून काही फरक नाही. ऑपरेशन करावं लागेल का?

उत्तर: मला हा त्रास बरीच वर्षं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

नावात अक्ने असलं तरी हे मुरूम नव्हेत, आणि केलॉइड, म्हणजे जखमेच्या हद्दीबाहेर वाढत जाणारा व्रण, तोही नव्हे. केसांच्या मुळांभोवती सतत सूज राहते, मूळ फुटतं, तुटलेला केस कातडीच्या आत अडकतो आणि शरीर त्याच्याभोवती घट्ट व्रण तयार करतं. त्या व्रणाची गाठ तुमच्या हाताला लागते. कुरळ्या, जाड केसांच्या पुरुषांना हे जास्त होतं. आफ्रिकी वंशाच्या लोकांत सर्वाधिक दिसतं, पण फक्त त्यांच्यातच असं नाही. हे संसर्गजन्य नाही, अस्वच्छतेमुळेही होत नाही. म्हणून मान घासघासून धुऊ नका, त्याने उलट भडकतं.

औषधाआधी कटिंगचं बघा. वस्तरा, ब्लेड आणि बिनगार्डची झिरो मशीन मानेमागे पूर्ण बंद. केस निदान ३ मिमी तरी राहायला हवेत. पुळ्या लाल असताना मी ६ मिमीचं गार्ड लावायला सांगतो. खुर्चीत बसण्याआधीच सांगा, कारण शेवटी लाइन काढायला हात सवयीनेच वस्तऱ्याकडे जातो. ताठ कॉलर आणि हेल्मेटची मागची कडा तिथेच घासत असेल तर तेही बदला. एवढं केलं नाही, तर महागातलं औषधही सोडल्यावर महिन्याभरात पुन्हा तेच.

आता तुमच्या पुळ्या आरशात नीट बघा, किंवा कुणाला तरी मोबाइलवर जवळून फोटो काढायला सांगा. तिथे दोन प्रकार दिसतील. काही लालसर असतील, दाबल्यावर दुखतील, टोकाला पू असेल. काही कातडीच्याच रंगाच्या किंवा काळपट, गुळगुळीत, रबरासारख्या टणक आणि न दुखणाऱ्या. पहिल्या प्रकारात सूज चालू आहे, दुसऱ्यात व्रण पक्का झालाय. उपचार यावरच ठरतो, आणि तुमच्या क्रीमने फरक का पडला नाही तेही यातच आहे: पिंपल्सचं क्रीम पक्क्या व्रणाला हलवू शकत नाही.

सूज असलेल्या पुळ्यांसाठी साधारणपणे क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टेरॉइड दिलं जातं, बऱ्याचदा दोन आठवडे लावायचं आणि दोन आठवडे थांबायचं अशा पद्धतीने. हा खंड महत्त्वाचा आहे, सलग लावत राहिलात तर कातडी पातळ होते. जोडीला बेंझॉइल परॉक्साइडचा वॉश (टॉवेल आणि कॉलरवर त्याचे पांढरट डाग पडतात, जुना टॉवेल वापरा) आणि पू जास्त असेल तर काही आठवडे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. पू वारंवार येत असेल तर त्याची कल्चर तपासणी करून घ्या, म्हणजे अँटिबायोटिक अंदाजाने बदलावं लागणार नाही.

पक्क्या गाठींमध्ये ट्रायॲमसिनोलोनचं इंजेक्शन देतात, साधारण चार-सहा आठवड्यांच्या अंतराने. गाठ मऊ आणि सपाट होत जाते, पण एका बैठकीत नाही. इंजेक्शन दुखतं, आणि त्या जागी कातडी फिकट पडू शकते किंवा खळगा येऊ शकतो, हे आधीच विचारून ठेवा. तुमच्या दोन-तीन चिकटलेल्या पुळ्यांसाठी मी आधी हाच मार्ग धरेन. केस काढणारा लेझरही उपयोगी पडतो, कारण केसच उरला नाही तर आत अडकणार काय? मात्र त्या जागी केस कायमचे विरळ होतात, आणि सावळ्या कातडीवर तो अनुभवी हाताकडूनच करून घ्यावा.

ऑपरेशनचा विचार मोठा, जाड पट्टा तयार झाला असेल आणि बाकी उपायांना दाद देत नसेल तेव्हा. तुमच्या वर्णनावरून ती वेळ आलेली वाटत नाही. करायचंच झालं तर वरवर तासून उपयोग नसतो. केसांची मुळं खोलवर राहिली की गाठ पुन्हा उगवते. मुळांच्या खालपर्यंत भाग काढतात आणि बऱ्याचदा जखम उघडीच ठेवून आतून भरू देतात. त्याला काही आठवडे ते दोन-तीन महिने लागू शकतात, आणि शेवटी तिथे बिनकेसांचा सपाट व्रण राहतो.

तोवर पुळ्या नखाने फोडू नका. आणि एकाच छिद्रातून चार-पाच केसांचा झुपका बाहेर येताना दिसला, आजूबाजूला टक्कल पडू लागलं, किंवा पू वाहून वास यायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तिथे केसांची मुळं कायमची जात असतात, आणि गेलेले केस कोणत्याच औषधाने परत येत नाहीत.