250 दिवसांत 7 उल्लंघने आढळली, तर 99 टक्क्यांचे मॉडेल चुकीचे ठरते का?

प्रश्न: एक दिवसाच्या व्हॅल्यू ॲट रिस्कचा 99 टक्के पातळीचा अंदाज मी 250 दिवसांवर तपासला. 7 दिवशी तोटा अंदाजापेक्षा जास्त झाला, अपेक्षा अडीचची होती. कुपिएक चाचणीत मॉडेल नापास होते, पण हा निव्वळ योगायोग असू शकत नाही का?

उत्तर: असू शकतो, आणि त्या योगायोगाची शक्यता नेमकी मोजता येते. मॉडेल बरोबर असेल आणि दिवस परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर उल्लंघनांची संख्या द्विपद वितरण पाळते. त्यानुसार 250 दिवसांत 7 किंवा त्याहून अधिक उल्लंघने होण्याची शक्यता सुमारे 1.4 टक्के आहे. 5 किंवा अधिक होण्याची मात्र 10.8 टक्के आहे. म्हणजे 5 हा आकडा अपेक्षेच्या दुप्पट असूनही त्याचे फारसे नवल वाटू नये, 7 चे वाटायला हवे.

पॉल कुपिएक यांनी 1995 मध्ये मांडलेली चाचणी हेच दुसऱ्या वाटेने विचारते. दररोज 1 टक्का शक्यता धरल्यास ही नोंद कितपत संभवते आणि प्रत्यक्ष दिसलेले 2.8 टक्के धरल्यास कितपत संभवते, यांची तुलना करून ती एक संख्या काढते आणि एक स्वातंत्र्यमात्रा असलेल्या काय-वर्ग वितरणाशी ताडून पाहते. 5 टक्के पातळीवरची सीमा 3.84 आहे. तुमच्या 7 उल्लंघनांसाठी मूल्य 5.50 येते, 6 असती तर 3.56 आले असते. एका दिवसाच्या फरकाने निकाल उलटतो, म्हणून तो प्रत्येक दिवस नीट मोजलेला असणे सूत्रापेक्षा महत्त्वाचे आहे.

```python
from scipy.stats import binom, chi2
from scipy.special import xlogy

n, x, p = 250, 7, 0.01
q = x / n
l0 = xlogy(x, p) + xlogy(n - x, 1 - p)
l1 = xlogy(x, q) + xlogy(n - x, 1 - q)
lr = 2 * (l1 - l0)
print(lr, chi2.sf(lr, 1), binom.sf(x - 1, n, p))
```

मोजणीत सर्वाधिक चुका तारखांच्या जुळणीत होतात. आजच्या बाजारबंदनंतर काढलेला अंदाज उद्याच्या नफा-तोट्याशी लावायचा असतो. तो चुकून त्याच दिवसाशी लागला, तर मोठ्या पडझडीचा दिवस स्वतःच्याच अंदाजात आधी शिरतो आणि उल्लंघने कृत्रिमरीत्या कमी दिसतात. दुसरी गफलत नफा-तोट्याच्या व्याख्येत होते. अंदाज दिवसअखेरच्या स्थिर पोर्टफोलिओचा असतो, तर हिशेबातील नफा-तोट्यात दिवसभरातले नवे व्यवहार आणि शुल्कही मिसळलेले असते. ते वगळून, पोर्टफोलिओ जसाच्या तसा ठेवला असता तर काय झाले असते, तो आकडा एकदा काढून पाहा. माझ्या अनुभवात अशा फेरमोजणीत उल्लंघनांची संख्या एकदोनने बदलणे मुळीच दुर्मीळ नाही, आणि तुमचा निकाल तर एकावरच टांगलेला आहे.

आता उलट बाजू, जी मला अधिक चिंतेची वाटते. समजा उल्लंघनाची खरी शक्यता 2 टक्के आहे, म्हणजे मॉडेल जोखीम उघडपणे कमी सांगते आहे. तरीही 250 दिवसांत 6 किंवा त्याहून कमी उल्लंघने होण्याची शक्यता सुमारे 76 टक्के राहते. दर चारांपैकी तीन वेळा असे मॉडेल या चाचणीतून सुटते. म्हणून ‘उत्तीर्ण’ हा शेरा मी पुरावा मानत नाही, ‘अनुत्तीर्ण’ मानतो. दिवस 1000 केले, तर 17 उल्लंघनांपासून चाचणी मॉडेल नाकारते आणि तेच 2 टक्क्यांचे मॉडेल चारपैकी तीनहून थोड्या अधिक वेळा पकडले जाते. मात्र चार वर्षांत पोर्टफोलिओ आणि मॉडेल दोन्ही बदललेले असतात, ही त्याची किंमत.

आणखी एक विचित्र गोष्ट अशी की, शून्य उल्लंघने असली तरी कुपिएक मूल्य 5.03 येते, म्हणजे मॉडेल नाकारले जाते. प्रत्यक्षात अचूक मॉडेलच्या बाबतीतही 250 दिवस उल्लंघनाविना जाण्याची शक्यता 8 टक्के आहे. काय-वर्गाची सीमा मोठ्या नमुन्यासाठी असते, अडीच अपेक्षित घटनांसाठी ती खडबडीत ठरते. त्यामुळे या टोकाला द्विपद आकड्यावरच विसंबावे.

बाझल समितीच्या 1996 च्या चौकटीत याच 250 दिवसांसाठी 0 ते 4 हिरवा, 5 ते 9 पिवळा आणि 10 पासून लाल पट्टा होता. 7 वर भांडवलाच्या 3 या गुणकात 0.65 ची भर पडत असे. तिथे शून्याला शिक्षा नव्हती, कारण नियामकाला जोखीम कमी सांगणाऱ्या मॉडेलचीच चिंता असते.

तुमच्या जागी मी आधी त्या 7 तारखा पाहिल्या असत्या. त्यांतल्या चार एकाच आठवड्यातल्या निघाल्या, तर दिवसांच्या स्वतंत्रतेचे गृहीतक ढासळते आणि वरची 1.4 टक्के शक्यताही तितकी खरी राहत नाही. संख्येवर आधारलेल्या चाचणीला हे दिसतच नाही, तिला 7 विखुरलेले काय आणि 7 सलग काय, सारखेच. त्यानंतर त्याच 250 दिवसांवर 95 टक्क्यांचा अंदाज तपासला असता. तिथे अपेक्षित उल्लंघने 12.5 असल्यामुळे चाचणीला पकडण्याजोगे अधिक काही असते. तिथेही आकडा बराच वर असेल, तर अस्थिरतेचा अंदाजच कमी येत असावा. तिथे 12-13 आणि इथे 7 असतील, तर संशय वितरणाच्या शेपटीवर घ्यावा, बहुधा सामान्य वितरण धरल्यामुळे ती खऱ्यापेक्षा पातळ झाली असावी.