रविवारचा अभ्यास आणि सोमवारच्या डुलक्या

*मॅडम, मी बारावी सायन्सला आहे आणि नीट देणार आहे. सोमवार ते शनिवार कॉलेज आणि क्लासमध्ये जातात. रविवारी पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत बसते, तरी अकरावीचा बॅकलॉग संपत नाही आणि सोमवारी फिजिक्सच्या लेक्चरला डुलक्या येतात. रविवार कसा लावू?*
*– एक विद्यार्थिनी, सांगली*

प्रिय मैत्रिणी,

तुझा रविवार आपण पावणेसात तासांवर आणू. आकडा ऐकून पोटात गोळा येईल, पण आधी हे तास कुठे जातात ते बघ.

नीटचा पेपर दुपारी २ ते ५ असतो. जेवणानंतर डोळे जड होतात ती हीच वेळ, त्यामुळे त्या वेळी डोकं चालवायची सवय लावावीच लागते आणि ती लावायला आठवड्यात तुला रविवारच मिळतो. म्हणून दिवसाचा खुंटा तिथे ठोक. २ ते ५ पूर्ण पेपर, १८० प्रश्न, ओएमआर शीटवर, मोबाइल दुसऱ्या खोलीत. रविवारी घरी पाहुणे येत असतील तर ते तीन तास सरळ अभ्यासिकेत जा. दुपारचं जेवण साडेबाराला उरक आणि हलकंच घे.

बॅकलॉग सकाळी. साडेसात ते पावणेनऊ आणि सव्वानऊ ते साडेदहा, अशा दोन बैठका. दोन्हींत मिळून एकच तुकडा घ्यायचा, अख्खा धडा नाही. रोटेशनल मोशन राहिलं असेल तर या रविवारी फक्त मोमेंट ऑफ इनर्शिया: पहिल्या बैठकीत रिंग, डिस्क, रॉड यांची सूत्रं आणि पॅरलल अ‍ॅक्सिस थिअरम, दुसऱ्या बैठकीत त्यावरची वीसेक गणितं. टॉर्क पुढच्या रविवारी. एका दिवसात तीन धडे ‘वाचून’ काढले की वही भरते, पण गणित समोर आलं की हात थांबतो. तुझा बॅकलॉग संपत नाही त्याचं कारण बहुधा हेच आहे.

साडेदहा ते दोन अभ्यासाचं काहीही नाही. पेपरला ताजं डोकं हवं.

पाचला पेपर संपला की तासभर बाहेर पड. मग सहा ते सव्वासात उत्तरं तपास, आणि हा भाग अजिबात टाळू नकोस. चुकलेले प्रश्न तीन गटांत लिही: मुळात येतच नव्हतं, येत होतं पण घसरलं, अंदाजाने ठोकलं. समज, तू १६५ प्रश्न सोडवलेस, ११० बरोबर आले, ५५ चुकले. ४४० मधून ५५ वजा, म्हणजे ३८५. आता त्या ५५ पैकी १४ ‘घसरलेले’ निघाले, ‘not’ वाचलाच नाही किंवा सेंटिमीटरचे मीटर केले नाहीत. असा प्रत्येक प्रश्न पाच गुणांना पडतो, चार हुकलेले आणि एक कापलेला. एकही नवा धडा न करता ७० गुण तिथे पडून आहेत.

अजून एक बघ. या चुका पेपरच्या कोणत्या तासात झाल्या? त्यासाठी पेपर सोडवतानाच दर तासाला समासात रेघ मारत जा. बहुतेक घसरगुंडी शेवटच्या तासात असेल, तर दोष थकव्याचा आहे. त्यावर उपाय म्हणून पुढच्या रविवारी सकाळची दुसरी बैठक काढून टाक, जास्त वाचू नकोस. चुका तिन्ही तासांत पसरलेल्या असतील तर मात्र वाचनाची पद्धत बदल, प्रश्नातल्या नेमक्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ ओढ.

‘येतच नव्हतं’ या गटातलं त्याच रात्री शिकायला बसू नकोस. यादी कर, सोमवार ते बुधवार रोज थोडं घे, अडलेलं क्लासच्या सरांना विचार. सव्वासातला पुस्तकं बंद, सोमवारची बॅग भरलेली, पाचनंतर चहा नाही, साडेदहाला झोप. आणि रविवारी उठायचं रोजच्याच वेळेला, फार तर तासभर उशिरा. पहाटे पाचला उठून रात्री अकरापर्यंत बसलीस की ती झोप सोमवारच्या लेक्चरमध्ये वसूल होते. नऊपर्यंत लोळलीस तर रात्री झोप येत नाही आणि सोमवार तसाच जातो.

बोर्डाच्या पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात किंवा बरं नसेल तेव्हा पेपर सोड, सकाळच्या बैठका तेवढ्या कर. अर्धवट मनाने दिलेल्या पेपरचे गुण उगाच घाबरवतात आणि त्यातून चुकांचं खरं चित्रही मिळत नाही.

रविवार जमला की नाही हे सोमवारी संध्याकाळी कळेल. पुस्तक न उघडता मोमेंट ऑफ इनर्शियाची पाच नवी गणितं घे. तीन सुटली आणि लेक्चरला डोळे उघडे राहिले, तर हेच वेळापत्रक चालू ठेव. गणितं सुटली नाहीत तर पुढच्या वेळी तुकडा आणखी लहान घे. गणितं सुटली पण डुलक्या आल्या, तर तुकडा तेवढाच ठेव आणि संध्याकाळचं काम अर्धा तास आधी थांबव. चार रविवारांच्या नोंदी झाल्या की मला पाठव, तुझ्या तीन गटांचे आकडे बघून पुढचं ठरवू.