नग जास्त खपले, तरी नफा कमी का?

प्रश्न: म्हापशातल्या दुकानात बजेटपेक्षा जास्त नग खपले, तरी नफा घटला. कसा?

सेल्स मिक्स, म्हणजे एकूण खपात कुठल्या मालाचा किती वाटा ते, बिघडल्यामुळे: काजू कमी, कोकम सरबत जास्त गेलं.

समजा बजेट होतं काजूची 100 पाकिटं (नगामागे नफा 200 रुपये) आणि सरबताच्या 100 बाटल्या (नफा 50), म्हणजे सरासरी 125. खपले 80 आणि 160. चाळीस नग वाढले, सरासरी 125 ने हे 5,000 अनुकूल, म्हणजे नफा वाढवणारे. पण 240 नगांवर सरासरीने 30,000 सुटायला हवे होते, सुटले 24,000. म्हणून मिक्स 6,000 प्रतिकूल आणि एकूण व्हॉल्यूम व्हेरियन्स, म्हणजे खपामुळे बजेटच्या नफ्यात पडलेला फरक, 1,000 प्रतिकूल. हा हिशेब बजेटच्याच नफ्याने करा, नाहीतर भावातला फरक दोनदा मोजला जातो. काजूला पाकिटामागे 10 रुपये जास्त मिळाले असतील, तर 80 × 10 = 800 हा प्राइस व्हेरियन्स वेगळा मांडा.

मात्र एकच गिऱ्हाईक दोन्हींतून निवडत नसेल, तर मिक्सचा आकडा फसवा ठरतो. तेव्हा प्रत्येक मालाचा व्हॉल्यूम फरक स्वतंत्र बघा: काजू 4,000 प्रतिकूल, सरबत 3,000 अनुकूल.